स्वागतबाई आणि माझी बदली

आमच्या विमा कार्यालयाच्या शाखा गावोगावी विखुरल्यामुळे दर सोमवारी व्हिडिओ-बैठक भरते. ती चालवणाऱ्या समन्वयक बाईंना आम्ही पाठीमागे स्वागतबाई म्हणतो. थेट कामाला हात घालणे त्यांच्या लेखी असभ्यपणा आहे. दाव्यांचा विषय निघण्यापूर्वी कोणाकडे रंगकाम निघाले, कोणाची मांजर व्याली, याची विचारपूस झालीच पाहिजे. उशिरा येणाऱ्याला त्या आत घेतात, बोलणाऱ्याचे वाक्य संपू देतात, मग त्याचे नावानिशी स्वागत करून आतापर्यंतचे सारे थोडक्यात सांगतात. हे ‘थोडक्यात’ मूळ संभाषणाहून लांब असते, आणि ते चालू असताना मध्ये बोलणे हा आमच्याकडे गुन्हा आहे.

त्या सोमवारी माझ्या बदलीचा निकाल लागायचा होता. पत्नी दूरच्या गावी एकटी, गुडघ्याने जेरीस आलेली. त्या गावच्या शाखेत मला धाडावे, ही माझी मागणी साहेबांनी ‘बैठकीत मांडा, बघू’ म्हणून दोनदा टोलवली होती. मी माझी बाजू मुद्देसूद तयार केली होती. साहेब मात्र आले नव्हते.

बाईंनी मला विचारले, “वहिनींचा गुडघा काय म्हणतोय?”

सूज आहे, मी तिथे असायला हवे, एवढेच मी तुटकपणे सांगितले. तोच आमचे सर्वेक्षक गाडीतून जोडले गेले. बाईंनी त्यांचे स्वागत केले आणि सांगितले की मांजरीला चार पिल्ले झाली असून वहिनींच्या गुडघ्यामुळे हे तिकडे जायला निघाले आहेत. सर्वेक्षकांचे ओठ बराच वेळ हलले. आवाज बंद असल्याचे त्यांना कळवल्यावर ऐकू आले ते बदलीबद्दल माझे अभिनंदन. मग सगळ्यांनीच केले. मी खुलासा करण्यासाठी माईक चालू केला, तेवढ्यात साहेब अवतरले आणि नवे स्वागत सुरू झाले.

“या सर. तुमचं काही हुकलं नाहीये. पिल्लांचं झालं, आणि यांच्या बदलीचंही बोलणं झालं. सगळे शुभेच्छा देतायत.”

आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे साहेबांनी हयातीत कबूल केलेले नाही. ते क्षणभर गोठले. मला वाटले, नेटवर्क गेले.

“हो, ठरलंच आहे ते,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यापासून. आदेश निघेल.”

“साहेब, माझे मुद्दे—”

“अहो, आता मुद्दे कसले? झालं की.” आणि त्यांनी पिल्लांचा रंग विचारला.

संध्याकाळी पत्नीला फोन केला. ती रडली, हसली, मग म्हणाली, “इतके दिवस अडलेलं काम! असं काय बोललात हो तुम्ही?”

मी खरे ते सांगितले. “तुझा गुडघा सुजलाय, असं म्हणालो.”

ती मग म्हणाली, “एवढंच होतं, तर आधी का नाही बोललात?”