पेनड्राइव्हवरची प्रत

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितलेली नाही. त्या दिवशी रजिस्टरमध्ये केलेली माझी सही खोटी होती.

कोलकात्यात गार्डन रीचच्या आमच्या सरकारी कार्यालयात नेटवर्कचं काम दोघांकडे होतं, मी आणि दादा. दादा हावड्याचे, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. आम्ही हिंदीत बोलायचो. संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या एखाद्या स्विचचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, बदलायचा असला की मी फाइल उतरवून पेनड्राइव्हवर द्यायची आणि दादांनी ती यंत्रात चढवायची. मधली एक पायरी दादांनीच घालून दिलेली. कंपनी आपल्या पानावर फाइलचा चेकसम देते, चौसष्ट अक्षरा-आकड्यांची ओळ. फाइलमधला एक कण जरी बदलला, तरी ती ओळ पार वेगळी येते. जी प्रत यंत्रात जाणार, तिचाच चेकसम काढायचा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पेन्सिलीने खुणा करायच्या, मग रजिस्टरमध्ये सही.

मी वाचायला लागलो की दादा म्हणायचे, "मोशाय, हळू! पाढे म्हणताय का?"

त्या शनिवारी इथल्या महाराष्ट्र मंडळात माझ्या मुलीच्या नाटकाची तालीम होती. तिला मराठी वाक्यं धड येत नव्हती, मी शेजारी बसून सांगायची असं ठरलेलं. दादा खालच्या मजल्यावर स्विचपाशी थांबले होते. मी फाइल उतरवली, संगणकावरच चेकसम काढला, जुळला. मग फाइल पेनड्राइव्हवर टाकली, तो उपसला आणि सही केली. पेनड्राइव्हवरच्या प्रतीला हातही लावला नाही.

"जुळलं?" खाली माझ्या हातून पेनड्राइव्ह घेताना दादांनी विचारलं.

"अक्षर न् अक्षर."

"मला न बोलावताच?"

"दादा, तालीम आहे."

"जा बाबा, जा. नाहीतर पोरगी स्टेजवर बांगला बोलेल."

स्विच पुन्हा सुरू झालाच नाही. त्या जुन्या मॉडेलमध्ये फाइल आत घेताना तपासायची सोय नव्हती. जे दिलं ते त्याने घेतलं. बिलांचा अख्खा विभाग दोन दिवस बंद राहिला.

सोमवारी लवकर जाऊन मी संगणकावरच्या फाइलचा चेकसम काढला. बरोबर. खाली स्विचपाशीच राहिलेला पेनड्राइव्ह आणून त्यावरचा काढला, तर भलताच. मला काही कळेना. नाव तेच, आकार तोच, शेवटच्या बाइटपर्यंत. मग ओळ वेगळी कशी? पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढताना वाटलं, मीच चुकीच्या फाइलवर बोट ठेवतोय. प्रत्येक वेळी तीच भलती ओळ. शेवटी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. पेनड्राइव्हवरच्या फाइलच्या शेपटाला नुसती शून्यं होती. तेव्हा आठवलं, पेनड्राइव्ह उपसताना त्याचा दिवा लुकलुकत होता. फाइलसाठी जागा पूर्ण धरली गेली होती, मजकूर पोचायचा राहिला होता.

मी ती प्रत पुसून टाकली. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. घाबरलो होतो म्हणावं, तर त्या क्षणी भीती अशी वाटलीच नव्हती. हात चालला, एवढंच आठवतं.

साहेबांनी दोघांना बोलावलं. "फाइल तपासली होती?"

"हो सर. जुळली होती."

त्यात खोटं काय होतं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला विचारत होतो. संगणकावरची जुळलीच होती की!

साहेब दादांकडे वळले. "म्हणजे फाइल चढत असताना तुम्ही मध्येच स्विचची वीज बंद केलीत."

"नाही सर."

"मग फाइल खराब होती?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे. "नाही सर," ते म्हणाले, "हा म्हणतोय जुळली, म्हणजे जुळलीच असणार."

दादांना लेखी ताकीद मिळाली, बढती अडली आणि बदली बराकपूरला झाली. निरोपाच्या चहाला ते मला म्हणाले, "वीज गेली असेल रे क्षणभर. मला कळलं नसेल." स्वतःचा हात निर्दोष होता, तरी ते त्याच्यावरच संशय घेत होते. मी मान हलवली.

दर दुर्गापूजेनंतर त्यांचा विजयादशमीचा फोन येतो. मुलीची चौकशी करतात. दरवेळी मी सांगायचं ठरवतो, आणि फोन ठेवताना लक्षात येतं की पुन्हा हवापाण्यावरच बोललो. त्यांना सारं कळलेलं आहे का, की अजून ते खरंच स्वतःलाच दोष देतात, याचा मला पत्ता लागत नाही. यातलं कुठलं अधिक वाईट, तेही ठरवता येत नाही.

पुढच्या वर्षी ते निवृत्त होतील, ती ताकीद फाइलीत घेऊन. पेनड्राइव्हवरची प्रत मी तपासली नव्हती, ती खराब होती आणि ती मीच पुसली, हे माझ्या सहीने कार्यालयाला लिहून देणं आणि त्याआधी बराकपूरला जाऊन त्यांच्या तोंडावर सांगणं, एवढं मी दादांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.