आजारपणाचा मेल

शाळा अर्धवट सोडून मी पारोळ्याहून दक्षिण आफ्रिकेतल्या फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आलो. एकदा ताप चढला, म्हणून सोबत काम करणाऱ्या तिथल्या एका अक्कांना मोडक्या आफ्रिकान्समध्ये मेल केला: 'एक कान मोरे नी कोम, ओमदात एक इस सीक.' म्हणजे उद्या येऊ शकत नाही, कारण आजारी आहे. पाठवल्यावर धाकधूक लागली. समजलंच नाही तर माझी पाळी कोण करणार?

उत्तर आलं, "तुझी पाळी मी करते. 'कोम'नंतर अजून एक 'नी' लाव, आमच्यात 'नाही' दोनदा येतं. आणि 'ओमदात'नंतर 'इस' शेवटी जातं."

म्हणजे 'सीक इस', अगदी आपल्या 'आजारी आहे'सारखं. मी उगाच इंग्रजीच्या चालीवर गेलो होतो. तापातच वाक्य सुधारून पाठवलं.

"आता बरोबर," अक्कांनी लिहिलं, "आता गप झोप."