हिरवा डाग

नणंदेने मुंबईहून माझ्या मुलीसाठी दोन प्रकारचं चीज आणलं होतं. एक कडक, दुसरं मऊ, पांढऱ्या सालीचं. सिल्वासाच्या आमच्या क्वार्टरमध्ये असलं काही पहिल्यांदाच आलं. कडक चीज मी बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवलं, मऊ त्याच्याच कागदात. सासूबाई विचारत होत्या म्हणून सांगितलं, "ती पांढरी साल बुरशीचीच असते, पण ती खायची असते."

पुढे कडक चीजच्या कोपऱ्यावर हिरवा डाग आला. सुरी डागाला न लावता त्याच्या भोवतालचं आणि खालचं इंचभर कापून टाकलं आणि उरलेलं नव्या कागदात बांधलं. सासूबाई बघत होत्या. "लोणच्यावरची बुरशी आपण अशीच काढतो," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून घरी आले, तर ओट्यावर मऊ चीज उघडं. कोपरा कापलेला, बाजूला हिरवट तुकडा पडलेला. मऊ चीजमध्ये बुरशी दिसते त्याहून कितीतरी आत गेलेली असते. पांढऱ्या सालीवर हिरवं दिसलं की सगळंच टाकायचं.

"पोरीला दिलंत?" मी ओरडलेच.

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या, "आधी मी खाल्लं. उद्यापर्यंत मला काही झालं नाही, तर तिला देईन म्हटलं."

आणि त्या शांतपणे मेथी निवडायला बसल्या. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून समोर बसले, त्यांचा चेहरा बघत.