पाला गावी पोचलेलं कॉफीचं यंत्र

माल्टात माझ्या खोलीत राहणाऱ्या मर्सलीन नर्सला केरळातल्या पाला गावी आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला कॉफीचं यंत्र पाठवायचं होतं. हातात आठच दिवस होते.

कुरियरवाला म्हणाला, "पंधरा दिवस तरी लागतील. आणि पूर्वी भारतात पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला जकात माफ होती, आता नाही. ती तुमच्या वडिलांना दारात भरावी लागेल."

"मग पार्सल परत आलंच म्हणून समजा," मर्सलीन म्हणाली. गेल्या वर्षी दारात पैसे मागितले म्हणून वडिलांनी तिची चॉकलेटं अशीच परत धाडली होती.

तिने पाला गावातल्याच औसेफच्या दुकानात फोन करून यंत्र घेतलं, पैसेही भरले. शनिवारी सकाळी अकराला पोचवायचं ठरलं.

शनिवारी तिकडे अकरा झाले, तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते. मर्सलीनला औसेफचा फोन आला, तिने तो स्पीकरवर घेतला. "मोळे, अगं पोरी, तुझे वडील, अप्पच्चन, दार उघडेनात. म्हणतात, आम्ही काही मागवलं नाही, हे फसवणारे आहेत."

"माझं नाव सांगा ना!"

"सांगितलं. म्हणतात, नाव तर चोरालाही ठाऊक असतं. लहानपणी घरातलं काय मोडलंस ते सांग म्हणे."

मर्सलीन माझ्याकडे बघून ओशाळली. "त्यांचा रेडिओ. सांगा, मांजरीने नाही, मी पाडला."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ अप्पच्चनचा. "अगं, त्या बिचाऱ्या मांजरीला मी महिनाभर मासे दिले नव्हते!"

मागून तिची आई, अम्मची, ओरडली, "ते राहू दे, आधी यंत्र आत घ्या!"