नव्वद टक्के कशाचे?

करुणा साळवे लालबागच्या एका विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं तुटपुंज्या मानधनावर गणित शिकवत होत्या. डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये जायचं ठरवून त्या दादरच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेल्या. हाताशी पंधरा हजार होते.

"मॅडम, कोर्स नव्वद हजारांचा, पण नव्वद टक्के प्लेसमेंट! हप्ते करून देतो," काउन्सेलर म्हणाला.

"नव्वद टक्के कशाचे? किती जणांपैकी?"

"जे एलिजिबल असतात त्यांच्यापैकी."

करुणाबाईंनी नुकताच भरलेला चौकशीचा फॉर्म उलटून बारीक अक्षरं वाचली. तिशीपुढचे 'एलिजिबल'मध्ये धरलेच नव्हते. त्यांचं डोकं सणकलं.

"माझं वय एकोणचाळीस, फॉर्मवर वरच लिहिलंय. ते वाचूनही मला हप्ते सांगताय? सातवीतल्या पोराने असे टक्के काढले असते तर मी शून्य दिलं असतं!"

खाली उतरून त्यांनी राकेशला फोन लावला. त्यांचा हा जुना विद्यार्थी आता परळच्या ऑफिसात अ‍ॅनालिस्ट होता.

"बाई, महिन्याच्या वर्गणीवरचं एखादं ऑनलाइन सर्टिफिकेट घ्या. जितक्या लवकर संपवाल तितकं स्वस्त पडेल. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, फुकट शिकता येते. मग आकड्यांचे तक्ते-आलेख बनवायच्या पॉवर बीआय सॉफ्टवेअरची परीक्षा द्या. तिचं साहित्यही फुकट आहे, फी फक्त परीक्षेची. आणि स्वतःचे दोन प्रोजेक्ट करा, मुलाखतीत त्यावरच विचारतात."

सगळं पंधरा हजारांत बसलं. आठ महिन्यांनी, सहाव्या मुलाखतीत, ज्युनिअर अ‍ॅनालिस्टची नोकरी मिळाली.

मुख्याध्यापकांनी राजीनामा बाजूला सारला. "तीन महिन्यांची नोटीस लागते, बाई."

"अकरा वर्षांत कायम केलं नाहीत," करुणाबाई कडाडल्या, "आता कायम शिक्षकाची नोटीस कसली मागता?"