पवईत थांबलेली तारीख

नाहूर स्टेशनच्या पूर्वेला मोबाईल दुरुस्तीचं एक बारकं दुकान आहे. ते एक वहिनी चालवतात. नवरा आजारी पडला तेव्हा त्याच्याच टेबलावर बसून त्या काम शिकल्या. माझ्या हातात आज जे काही उरलंय ते त्यांच्यामुळे, म्हणून त्यांचं आधी सांगते. बाकीचं नंतर.

मी मुलुंडला एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. त्याआधी पवईला एका घरात राहून स्वयंपाक करत होते. शाळा सातवीत सुटली. मला वाचता येतं, पण सावकाश, आणि लिहायला घेतलं की घाम फुटतो. म्हणून गावाकडे बाबांशी माझं सगळं बोलणं फोनवर आवाज पाठवूनच व्हायचं. बाबा रोज सकाळी पाठवायचे. बाजारात काय आलं, विहिरीला पाणी किती, शेजाऱ्याच्या गायीला काय झालं. मी उत्तर द्यायची, कधी नाहीही द्यायची.

पवईच्या मॅडमनी माझ्या फोनमध्ये चॅटचा बॅकअप चालू करून दिला होता. म्हणाल्या, "आता फोन हरवला तरी घाबरू नकोस. रोज रात्री सगळं आपोआप वर जमा होईल." मी मान हलवली. वर म्हणजे कुठे, ते विचारायची लाज वाटली. दिवाळीनंतर ते घर सुटलं आणि मी मुलुंडला आले.

त्यानंतर महिन्याभरात बाबांना अर्धांगवायू झाला. जीव वाचला, वाचा गेली. मी चार दिवस जाऊन आले. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्या पायाला तेल चोळत होते. परत आल्यावर त्यांचे जुने आवाज मी एकदाही लावले नाहीत. चॅटच उघडलं नाही. आहेत ना, एवढं मला पुरत होतं. त्यांचा फोन भावाने आतलं सगळं पुसून स्वतःला वापरायला घेतला होता. त्यावर बॅकअप वगैरे काही नव्हतं.

आषाढात माझा फोन कणकेच्या पाण्याच्या बादलीत पडला. मी तो पुसला आणि दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. चालू झाला नाही. त्याच आठवड्यात केंद्रातल्या फोनवर आईचा फोन आला.

"गो बाय, त्येंचो आवाज तुझ्या फोनात आसा मां? गणपतीक येशीत तेवा घेवन ये. त्येंका ऐकवया. दिसभर भिंतीकडे बघत रवतत."

मी म्हटलं, आणतंय.

मला भीती वाटली नाही. बॅकअप होता ना. वहिनींच्या दुकानातून मी जुनाच पण चालता फोन घेतला. त्यांनी त्यात माझं सिम घातलं, चॅटचं अ‍ॅप टाकलं, नंबर भरला, आलेला कोड घातला. मेलचा पत्ता मॅडमनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर होता. मग पडद्यावर एक चाक फिरलं आणि आलं, बॅकअप सापडला नाही.

"खातं हेच ना? दुसरं कुठलं नाही?"

"एकच आहे."

वहिनींनी मेलच्या खात्यात जाऊन बॅकअपची यादी उघडली. ती रिकामी होती.

"शेवटचा बॅकअप कधी झालेला?"

"रोज रात्री होतो. आपोआप."

"कुठे होतो?"

"म्हणजे?"

"वायफाय कुठे होतं तुझ्याकडे?"

"पवईला. मॅडमकडे."

"आणि मुलुंडला?"

मुलुंडला आम्ही सहा जणी एका खोलीत राहतो. वायफाय कुठलं असणार.

वहिनींनी ती रिकामी यादी बंद केली. मग म्हणाल्या, "अगं, हे वायफायवरच होईल असं ठेवलेलं असणार. तू पवई सोडलीस, तो तिथेच थांबला. आणि पाच महिन्यांच्या वर बॅकअप नवा झाला नाही ना, की तो आपोआप उडतो. कोणी उडवत नाही."

"परत येतो?"

"नाही येत."

मी पिशवी घेतली आणि उठले. संध्याकाळच्या पोळ्या होत्या. रडू वगैरे आलं नाही. मला वाटलं, आईला काय सांगायचं, तेवढंच.

"जुना फोन कुठाय?" वहिनींनी मागून विचारलं.

"तांदळात."

"तांदळात भात होतो, फोन नाही होत. उद्या घेऊन ये. फोनमध्ये आवाजाच्या फाइली वेगळ्या असतात."

मी नेला. पाच दिवस तो त्यांच्याकडे होता. त्यांनी उघडला, आतलं पीठ ब्रशने काढलं, बोर्ड साफ केला, दुसरी बॅटरी लावली. सहाव्या दिवशी दुपारी निरोप आला, लगेच ये. मी पोहोचेपर्यंत फोन चालू होऊन पुन्हा बंद पडला होता. या वेळी कायमचा.

"तुझी वाट बघत बसले नाही," त्या म्हणाल्या. "पेटला तशी आधी आवाजांच्या फोल्डरला हात घातला. आठवड्याआठवड्याचे फोल्डर असतात. तीन आठवडे आले. चौथ्याला गेला. चॅट नाही मिळालं."

तीन आठवडे. मागच्या वर्षीच्या भाद्रपदाच्या आसपासचे. फाइलींवर फक्त तारीख आणि आकडे होते. कोणी बोललंय ते लिहिलेलं नव्हतं, कारण नावं चॅटमध्ये होती आणि चॅट गेलं होतं. म्हणून सगळंच ऐकावं लागलं. वहिनींनी मला त्यांच्याच स्टुलावर बसवलं आणि कानात लावायची वायर दिली. भाजीवाला बोलत होता, पालक नाही आज. मॅडम बोलत होत्या, कुकरची शिट्टी बदलून घे. मग बाबा.

"गो, जेवलंस काय? आज बांगडे बरे इले हत. तुझ्या आवशीन कढी केल्यान."

त्याच्या खालोखाल मी.

"बाबा, कामात आसंय. मागसून बोलतंय."

बाबांचे एकोणीस निघाले. माझे सात, आणि त्यातल्या पाचांत मी हेच म्हणत होते, नंतर बोलते. मला काहीच होत नव्हतं. हातात वायर होती आणि मी पुढचं बटण दाबत होते. वहिनी गिऱ्हाइकाशी काचेवरून भांडत होत्या, "काका, काच म्हणजे काच, त्यात हवा नाही भरता येत." मध्येच त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला.

सगळं संपल्यावर त्यांनी ते आवाज मला चॅटमध्ये माझे मलाच पाठवायला लावले, म्हणजे बॅकअपमध्ये येतील. भावालाही पाठवले. मग सेटिंग, चॅट, चॅट बॅकअप, असं माझ्याच बोटाने तीनदा उघडायला लावलं. मोबाईल डेटावरही होईल असं केलं. दुकानाच्या वायफायवर पहिला बॅकअप घेतला. शेवटचा बॅकअप, खाली आजची तारीख.

"ही तारीख बघत जा. चालू आहे की नाही ते बघू नकोस, तारीख बघ."

मी रोज बघते. खरं तर दिवसातून दोनदा. खोलीतल्या बायका हसतात. एकीला मी जबरदस्तीने उघडायला लावलं.

"कधीची आहे गं?"

"होळीची."

"म्हणजे साडेचार महिने झाले. ऊठ, वाट लागेल."

ती माझा हॉटस्पॉट घेऊन बसली. तिच्या मुलाची बोबडी बडबड आहे त्यात.

गणपतीला गेले. बाबांच्या कानाशी फोन धरला. बांगड्यांचं लावलं. ते ऐकत राहिले, भिंतीकडेच बघत. मग माझा आवाज आला, मागसून बोलतंय, आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. आईने विचारलं, पुन्हा लावतंस? मी पुन्हा लावलं.

वहिनींनी फक्त बॅटरीचे पैसे घेतले. दुकान बंद ठेवून त्या कधी कुठे गेलेल्या नाहीत, समुद्राचं गाव त्यांनी बघितलेलं नाही. एक दिवस मी त्यांना घरी नेईन. बाबांच्या शेजारी बसवेन, तव्यावरचे घावणे एकेक करून वाढेन आणि बाबांना सांगेन, तुमचा आवाज ह्यांनी काढून दिला. त्या नको म्हणतील. मी नेईनच.