मुलाखतीसाठी राखलेले केस

शेंद्र्याच्या बानाबाईला कुणी हळवी म्हटलं असतं तर ती हसली असती. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मली, तसल्याच घरात दिली, आणि मेंढरं विकल्यावर चिकलठाण्याला कारखाने उठत होते तिथं नवऱ्याबरोबर वीस वर्षं घमेली वाहिली. रडायला सवड कुणाला होती! हट्टात मात्र तिची बरोबरी करणारं कुणी नव्हतं. तिचा एकुलता एक भिकन बी.कॉम. झाला तो निम्मा अभ्यासानं आणि निम्मा आईच्या हट्टानं, असं तिचा नवरा मल्हाररावच सांगायचा.

त्र्याण्णव संपता संपता भिकनला एका जुन्या खाजगी बँकेचं पत्र आलं. लेखी परीक्षेत पास, अठरा जानेवारीला शहरात मुलाखत. या बँकेचे साहेब म्हणे भर मे महिन्यातही कोटाचं बटण सोडत नाहीत. बानाबाई दुसऱ्याच दिवशी पोराला घेऊन चिकलठाण्याच्या अप्पाराव शिंप्याकडं गेली. अप्पाराव बँकवाल्यांचे कपडे शिवायचा, तेव्हा बँकेतलं त्याला बँकवाल्यांपेक्षा जास्त कळतं अशी तिची खात्री.

"चमकायचं नाय, बानाबाई," अप्पाराव टेप गळ्यात टाकून म्हणाला. "चमकणारा माणूस बँकेला चालत नाय. सदरा पांढरा, लांब बाह्यांचा, एकच खिसा. पँट गडद. बूट काळे, नाडीचे, पट्टा पण काळाच. मोजे असे की बसल्यावर पायाची कातडी दिसू नये. कोट नसला तरी चालंल, बसत नसलेला कोट मात्र घालू नको. अन् सगळ्यात आधी नजर जाती डोक्यावर. केस कमी, भांग सरळ, दाढी गुळगुळीत."

हे सगळं बानाबाईनं मंत्रासारखं पाठ केलं. कापडाला पैसे कुठून आणायचे, एवढंच त्या मंत्रात नव्हतं.

आणि दोन जानेवारीला मल्हारराव गेला. सकाळी भाकरी खाऊन उठला, छातीवर हात ठेवला आणि दारातच बसला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

घरात रडारड चालली होती आणि बानाबाईच्या मनात दिवसांचा हिशेब सुरू झाला होता. तिची तिलाच लाज वाटली, पण हिशेब थांबेना. दहावा अकरा तारखेला. दहाव्याला पोराचं मुंडण. अठराला मुलाखत. सात दिवसांत डोक्यावर काय उगवणार? सरळ भांगवाल्या पोरांच्या रांगेत आपलं पोर तुळतुळीत डोक्यानं बसलंय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

नवव्या दिवशी तिनं भिकनला चुलीजवळ बोलावलं.

"केसं देऊ नको."

"माय, लोक काय म्हणतील? काका काय म्हणतील?"

"तुझ्या बापानं गवंड्याच्या हाताखाली हाडं झिजवली ती कशासाठी? तू साहेब व्हावा म्हणूनच ना? त्याला केसं नकोत, त्याला नोकरी पायजे."

भिकननं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग मान डोलावून बाहेर गेला.

ओढ्यावर दहाव्याला न्हावी वस्तरा पाजळून बसला आणि भिकन म्हणाला, "मी नाय करणार." मल्हाररावाचा धाकटा भाऊ त्रिंबक भडकला. शेवटी त्यानंच स्वतःचं डोकं पुढं केलं. घरी आल्यावर सगळ्या भावकीसमोर तो भिकनवर तुटून पडला. "बापाला पाणी दिलं अन् केसं साहेबासाठी राखली व्हय रं? शिकवून हेच मिळवलं?"

भिकन खाली मान घालून उभा होता. आईकडं त्यानं पाहिलंही नाही. दाराआड बायकांत बसलेल्या बानाबाईच्या ओठांपर्यंत शब्द आले होते. पण दहा दिवसांची विधवा नवऱ्याच्या क्रियाकर्माआड आली, असं भावकीत झालं असतं. तिनं पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, रडतेय.

त्याच दिवशी तिचा भाऊ दुखवटा घेऊन आला होता. तिला साधं लुगडं, भाच्याला टोपी आणि पांढऱ्या टेरिकॉटचं कापड. सुतकाचं कापड खरं, पण अंगाला बसेल तर सदराच. तेरावा झाला तेव्हा विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झालेला. शहरात चौकाचौकात पोलीस, कुठं गुलाल, कुठं बंद दुकानं. अप्पारावनं अर्धं शटर ओढून आत दिवसभर मशीन चालवलं. कुणी शिवायला टाकून परत न आलेली निळी पँट त्यानं कंबरेत उसवून भिकनच्या मापाची केली आणि स्वतःचा बिननक्षीचा टाय दिला. गाठ गळ्याशी घट्ट, टोक पट्ट्याला टेकेल एवढं, हेही बजावलं. बूट जाफर गेटच्या बाजारातले जुने, तळ नवा. बानाबाईनं सदऱ्याला भाताच्या पेजेची खळ दिली, तांब्यात निखारे भरून इस्त्री फिरवली. बाह्यांची घडी सुरीसारखी पडली. शिवणीच्या खाली ते कापड कशाचं होतं, हे बघून कुणाला कळलं नसतं.

अठराला ती पोराबरोबर गेली आणि बँकेसमोरच्या लिंबाखाली बसली. आत जाणाऱ्या पोरांत आपला भिकन कुठंही कमी दिसत नव्हता. खरं सांगायचं तर उजवाच दिसत होता. सोळा दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचंच वाईट वाटलं.

दुपारी भिकन बाहेर आला तो टाय काढून, घडी करून खिशात ठेवूनच.

"काय इचारलं?"

"आकडेमोड इचारली. आली सगळी."

"मग?"

"मग वडील काय करतात, म्हणाले. वारले, म्हणलं. कधी? सोळा दिवस झाले. मधल्या खुर्चीत एक म्हातारे साहेब होते, कपाळाला गंध. ते माझ्या डोक्याकडं बघायला लागले. थोरले का, म्हणाले. एकुलता एक, म्हणलं." भिकन खाली बसला. "म्हणाले, जो बापाचं एवढं करीत नाय, तो लोकांच्या पैशाचं काय करील?"

बानाबाईनं पोराच्या डोक्याकडं पाहिलं.

"तू सांगायचं व्हतंस, मुलाखतीसाठीच…"

"ते म्हणाले, घरात कुणी सांगितलं नाय का? आईनं तरी?" भिकन बुटाच्या नाड्या सोडू लागला. जुन्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या. "मी म्हणलं, आईनं लई सांगितलं, साहेब. मीच ऐकलं नाय."

"असं कामून म्हणलास रं?"

"मग तुझं नाव सांगू व्हय?"

दोघं जालना रोडला आली, बसमध्ये बसली, शेंद्र्याला उतरली. उतरल्यावर भिकन घरी गेला. बानाबाई तशीच सरळ त्रिंबकच्या दारात गेली. तेराव्यानंतर त्या घराशी बोलणं तुटलं होतं. अंगणात त्रिंबक बसला होता. त्याच्या डोक्यावर नुकते खुंट आले होते.

"भावजी," ती म्हणाली, "केसं मी राखायला लावली. पोरगं नाय म्हणत व्हतं. तुमी सगळ्यांसमोर त्याला बोलला, तवा मी दाराआड गप बसले."

तिला वाटलं, आता हा शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्रिंबकनं डोक्यावरच्या खुंटांवरनं हात फिरवला.

"वयनी," तो म्हणाला, "त्यानं दहाव्याच्या रातीच येऊन पाय धरले व्हते माझे. म्हणला, काका, मला काय ते बोला, पण केसांवरनं मायला बोल लावू नका."